अर्ज भरण्याआधी पाठवायचा चार प्रश्नांचा ईमेल

आज आम्ही एका अगदी छोट्या कामाबद्दल बोलणार आहोत. योजनेचा अर्ज भरायच्या आधी त्या योजनेच्या समन्वयकांना एक ईमेल करायचा आणि त्यात फक्त दोन गोष्टी विचारायच्या: आम्ही यात बसतो का, आणि पैसा नेमका कसा येतो. ईमेल दहा-बारा ओळींचा. पण तो अर्जाच्या आधी गेला की नंतर गेला, यावर गटाची वर्षभराची बचत अडकते की सुटते हे ठरतं.

उदाहरण म्हणून आम्ही एकच योजना घेणार आहोत, कारण तिच्याबद्दल आमच्याकडे सर्वांत जास्त विचारणा होते. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना. कागदांवर आणि बँकेत तिला पीएमएफएमई म्हणतात. केंद्र सरकारने ती २०२० साली सुरू केली. पापड, लोणची, कोकम आगळ, पिठं, मसाले असे खाण्याचे पदार्थ करणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी ती आहे.

आपल्याकडे असं काम करणाऱ्या बायका पुष्कळ. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तरी उत्पन्न हाती यायला कितीतरी वर्षं जातात. तेवढ्या वर्षांत घर चालवायला कोणी पर्यटकांना जेवण घालायला लागलं, कोणी मोदकाचं पीठ विकायला लागलं. त्यामुळे ही योजना आली म्हटल्यावर सगळ्यांचे कान टवकारले.

आधी योजनेत पैसा कसा येतो ते पाहू

प्रश्न विचारायचा तर आधी थोडं माहीत हवं. या योजनेत बचत गटातल्या बायकांसाठी दोन वाटा आहेत, आणि गोंधळ होतो तो या दोन वाटा एकच समजल्यामुळे.

पहिली वाट बीज भांडवलाची. अन्नप्रक्रियेचं काम करणाऱ्या गटातल्या सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. ती खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी आहे. म्हणजे तांदूळ-गूळ भरायला, पाकिटं आणायला, वजनकाटा किंवा पाकीट चिकटवायचं सीलिंग यंत्र घ्यायला. इथे एक बारकावा आहे. सरकार ही रक्कम अनुदान म्हणून देतं, पण ते गटांच्या संघाला देतं. संघाकडून ती गटामार्फत सदस्याला कर्ज म्हणून मिळते. म्हणजे बाईच्या हातात आलेले ४० हजार परत फेडायचे असतात. ते संघात फिरत राहतात आणि पुढे दुसऱ्या बाईच्या कामी येतात. ‘४० हजार फुकट मिळतात’ असं कोणी सांगितलं, तर त्याने अर्धीच गोष्ट सांगितली.

दुसरी वाट कर्जाशी जोडलेल्या अनुदानाची. मोठं यंत्र घ्यायचं, शेड नीट करायची, तर बँकेचं कर्ज घ्यायचं आणि पात्र खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळवायचं. एकट्या उद्योगासाठी त्याची वरची मर्यादा १० लाख रुपये आहे. खर्चाचा निदान १० टक्के हिस्सा आपण घालायचा. जागेची किंमत या खर्चात धरत नाहीत.

आता यातला पैसा कसा चालतो ते आकड्यांत बघू. समजा यंत्रांचा खर्च ३ लाख रुपये आहे. आपला हिस्सा ३० हजार. उरलेले २ लाख ७० हजार बँकेचं कर्ज. अनुदान ३५ टक्क्यांनी १ लाख ५ हजार. पण हे १ लाख ५ हजार आपल्या हातात येत नाहीत, बचत खात्यावरही जमा होत नाहीत. ज्या बँकेने कर्ज दिलं त्याच बँकेत ते आपल्या नावे वेगळे ठेवले जातात. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं उद्योग चालू राहिला आणि कर्ज थकलं नाही, तर ती रक्कम कर्जात वळती होते. मधेच उद्योग बंद पडला किंवा हप्ते थकले, तर हा लाभ धोक्यात येतो.

तेव्हा ‘३५ टक्के अनुदान’ हे शब्द ऐकून कोणी सावकाराकडून किंवा नातेवाइकांकडून हातउसने पैसे घेऊन ‘अनुदान आलं की फेडू’ म्हणत असेल, तर तिला आधी थांबवा. तो पैसा तीन वर्षं तिच्या हाताला लागणार नाही.

विचारायचं कोणाला

ज्या दाराने पैसा येतो त्याच दारावर विचारायचं. बीज भांडवलाचं काम आपल्या महाराष्ट्रात उमेद अभियानाकडून चालतं. म्हणजे श्रीवर्धनला तालुका अभियान व्यवस्थापन कक्ष आणि अलिबागला जिल्हा कक्ष. कर्ज-अनुदानाचं काम कृषी विभागाकडे आहे. त्यासाठी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांचं कार्यालय, आणि त्यांनी नेमलेली जिल्हा संसाधन व्यक्ती. ही व्यक्ती आपल्याला प्रकल्प अहवाल तयार करायला, ऑनलाइन अर्ज भरायला आणि बँकेत पाठपुरावा करायला मदत करते. तिचं मानधन योजनेतूनच दिलं जातं. म्हणून ‘फाईल करून देतो, पाच हजार द्या’ असं कोणी म्हणालं, तर तो माणूस त्या यादीतला आहे का हे कार्यालयात आधी विचारा.

ईमेलचा पत्ता कुठून घ्यायचा? कार्यालयाच्या पत्रावरून, नोटीस बोर्डावरून, नाहीतर आपल्या सीआरपी ताई किंवा प्रभाग समन्वयकांकडून. सरकारी पत्त्याचा शेवट बहुतेक `gov.in` किंवा `nic.in` असा असतो. काही तालुका कार्यालयं साधा जीमेलही वापरतात. तसं असेल तर फोन करून ‘हा पत्ता तुमचाच ना?’ एवढं विचारून घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेल्या चित्रावरचा पत्ता मात्र घेऊ नका.

तुम्ही म्हणाल, फोनच का करू नये? फोन जरूर करा. पण फोनवर मिळालेलं उत्तर एकीच्या कानात राहतं. बैठकीत ती सांगते एक, ऐकणारी ऐकते दुसरं, आणि महिन्याने ‘साहेब असं म्हणालेच नव्हते’ इथवर गोष्ट येते. ईमेलचं उत्तर दहाही जणींना वाचून दाखवता येतं.

दिवेआगरच्या एका गटाचं उदाहरण

गटाचं नाव आम्ही सांगत नाही. दहा जणींचा गट, नियमित बचत, नियमित बैठक. दहापैकी सहा जणी मोदकाचं पीठ, तांदळाचे पापड आणि कोकम आगळ करतात. उरलेल्या चौघींपैकी दोघी शिवणकाम करतात, एकीचं किराणा दुकान आहे, एक घरी पर्यटकांना खोल्या देते. गटाच्या खात्यावर साधारण ६० हजार रुपये.

मोदकाच्या पिठाला तांदूळ धुऊन सावलीत सुकवावा लागतो. पावसाळ्यात इथे हवाच अशी दमट की तांदूळ सुकत नाही, त्याला वास येतो. आणि मागणी नेमकी गणपतीला, म्हणजे भर पावसाळ्याच्या शेवटी. म्हणून त्यांना सुकवणी यंत्र, म्हणजे ड्रायर, आणि पीठ काढायचा पल्व्हरायझर घ्यायचा होता. कोटेशन आलं ३ लाखांचं. दुकानदार म्हणाला, “वहिनी, अनुदान तर मिळणारच आहे. ३० हजार आगाऊ भरा, यंत्र बुक करून ठेवतो. पुढच्या महिन्यात भाव वाढतील.”

गटाच्या निम्म्या बचतीचा प्रश्न होता. अध्यक्षताईंचं मन वळलं होतं. सचिवताई म्हणाल्या, “आठ दिवस थांबूया, आधी लेखी विचारूया.” मग आम्ही सगळ्यांनी बसून ईमेल लिहिला.

पहिल्या खेपेला तो दीड पानांचा झाला. गट कधी स्थापन झाला, वादळात किती नुकसान झालं, महिला किती कष्टाळू आहेत, साहेबांनी कृपादृष्टी ठेवावी, आणि शेवटी ‘योजनेची संपूर्ण माहिती पाठवावी’. यातलं काही खोटं नव्हतं. पण वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा. ‘संपूर्ण माहिती पाठवा’ म्हटलं की समोरचा माहितीपत्रक जोडून मोकळा होतो, आणि ते तर आपल्याकडे आधीपासून असतं. प्रश्न जेवढा मोघम, तेवढं उत्तर मोघम.

म्हणून आम्ही सगळे मिळून माहितीपत्रक पुन्हा वाचलं. ज्याचं उत्तर त्यात छापलेलं होतं ते प्रश्न काढून टाकले. ४० हजार, ३५ टक्के, १० टक्के, हे छापलेलंच आहे. उरले चार प्रश्न, आणि ते चारही याच गटाचे होते. गेलेला ईमेल असा होता:

विषय: पीएमएफएमई: अर्जापूर्वी पात्रतेबाबत चार प्रश्न (महिला बचत गट, दिवेआगर, ता. श्रीवर्धन)

मा. समन्वयक,
सप्रेम नमस्कार.

आमचा दिवेआगर येथील १० महिलांचा उमेदअंतर्गत गट आहे. त्यातील ६ सदस्य तीन वर्षांपासून मोदक पीठ, तांदळाचे पापड व कोकम आगळ करून विकतात. आम्हाला या योजनेसाठी अर्ज करायचा आहे. त्यापूर्वी कृपया पुढील माहिती द्यावी.

१. या वर्षी अर्ज स्वीकारणे सुरू आहे का? शेवटची तारीख कोणती?
२. बीज भांडवल सर्व १० सदस्यांसाठी मागता येईल, की अन्नप्रक्रिया करणाऱ्या ६ सदस्यांसाठीच?
३. सुकवणी यंत्र व पल्व्हरायझर (एकूण अंदाजे ३ लाख रुपये) बीज भांडवलातून घेता येतील, की कर्ज संलग्न अनुदानातून अर्ज करावा लागेल?
४. मंजुरीपूर्वी यंत्र घेतल्यास किंवा आगाऊ रक्कम भरल्यास तो खर्च अनुदानासाठी धरला जातो का?

आमची बैठक २० तारखेला आहे. त्यापूर्वी उत्तर मिळाल्यास आम्हाला निर्णय घेता येईल. हे प्रश्न दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवायचे असतील तर कृपया त्यांचा पत्ता कळवावा.

आपली,
सचिव, महिला बचत गट, दिवेआगर
(खाली गटाचं नाव आणि मोबाईल क्रमांक)

एवढाच. आता यातल्या काही गोष्टी का तशा आहेत ते सांगतो.

विषयाच्या ओळीत योजना, काम आणि गाव तिन्ही आहेत. ईमेल उघडण्याआधी फक्त ती ओळ दिसते. ‘माहिती मिळणेबाबत’ अशा विषयाचे डझनभर ईमेल त्यांच्याकडे पडलेले असतात.

ओळख दोन वाक्यांत आहे आणि तिच्यात पात्रतेला लागणारी माहितीच आहे: किती जणी, कोणत्या अभियानात, काय करतात, किती वर्षं. बाकी गटाची कहाणी अर्जात सांगता येते.

प्रश्नांना क्रमांक आहेत, आणि शक्य तिथे ‘हे की ते’ असं विचारलं आहे. त्यामुळे समोरच्याला मोबाईलवरूनसुद्धा ‘१ हो, २ फक्त ६’ असं उत्तर देता येतं. पाच-सहापेक्षा जास्त प्रश्न झाले की उत्तर उद्यावर जातं.

बैठकीची तारीख दिली आहे. ‘लवकरात लवकर’ म्हणजे कधी, ते कोणालाच कळत नाही. तारीख मात्र खरी द्या. खोटी घाई करू नका.

आणि सोबत काहीही जोडलेलं नाही. आधार नाही, पासबुकाचा फोटो नाही, ठराव नाही. हा अर्ज नव्हे, चौकशी आहे. दहा बायकांचे आधार क्रमांक चौकशीच्या ईमेलमधून पाठवायचं काही कारण नाही. उत्तरात कोणी ओटीपी, फी किंवा आधारचे फोटो मागितले, तर ते उत्तर खरं आहे का हे कार्यालयात फोन करून विचारा.

भाषेची काळजी करू नका. राज्य सरकारच्या कामकाजाची भाषा मराठी आहे, तेव्हा ईमेल मराठीतच लिहा. टाईप होत नसेल तर मोबाईलच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं, ते दाबून बोला. मग आकडे आणि गावाची नावं तेवढी तपासून घ्या, कारण बोलून लिहिताना चुका तिथेच होतात.

एक गोष्ट आणखी. ईमेल गटाच्या स्वतःच्या खात्यावरून जाऊ द्या. बऱ्याच गटांचा ईमेल सचिवांच्या भाच्याच्या मोबाईलवर उघडलेला असतो. भाचा नोकरीसाठी मुंबईला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. खातं गटाच्या नावाने काढा. पासवर्ड बंद पाकिटात घालून गटाच्या कागदपत्रांत ठेवा. पदाधिकारी बदलले की पासवर्डही बदला.

उत्तर आलं, ते वाचायचं कसं

सहाव्या दिवशी उत्तर आलं. चार ओळींचं. त्याचा आशय असा: अर्ज स्वीकारणे निधीच्या उपलब्धतेनुसार सुरू आहे. बीज भांडवल प्रत्यक्ष अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्यांनाच देय असून प्रस्ताव संघामार्फत सादर करावा. यंत्रसामग्रीसाठी कर्ज संलग्न अनुदानातून अर्ज करावा, मंजुरी बँकेच्या निर्णयास अधीन राहील. मंजुरीपूर्व खरेदी अनुदानास पात्र नाही.

सरकारी उत्तरातले तीन शब्दप्रयोग नीट समजून घ्यायला हवेत.

‘४० हजारांपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ हा महत्त्वाचा शब्द. ४० हजार ही वरची मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नाही. एखादीची गरज २० हजारांची दिसली तर तिला २० हजारच मिळतील.

‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ म्हणजे तुम्ही पात्र असलात तरी या वर्षीचा पैसा संपला असेल तर थांबावं लागेल. पात्र असणं आणि पैसा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या योजनेची मुदत आधी २०२४-२५ पर्यंत होती, नंतर ती २०२५-२६ पर्यंत वाढवली गेली. म्हणून पहिला प्रश्न नेहमी ‘आत्ता सुरू आहे का’ हाच ठेवायचा. गेल्या वर्षी शेजारच्या गावातल्या गटाला मिळालं, हा काही या वर्षीचा पुरावा नाही.

‘बँकेच्या निर्णयास अधीन’ म्हणजे कार्यालयाने शिफारस केली तरी कर्ज द्यायचं की नाही हे बँक ठरवते. बँक बघते ती परतफेड. सदस्यांपैकी कोणाचं जुनं कर्ज थकलं असेल तर गाडी तिथेच अडते. तेव्हा हे बँकेत जाण्याआधी गटातच मोकळेपणाने विचारून घ्या.

आता बघा, उत्तरात एक गोष्ट राहिली होती. शेवटची तारीख. अशा वेळी नवीन ईमेल लिहायचा नाही. त्याच उत्तराला ‘रिप्लाय’ करून एकच ओळ लिहायची: ‘उत्तराबद्दल आभारी आहोत. संघामार्फत प्रस्ताव कोणत्या तारखेपर्यंत द्यावा, एवढे कृपया कळवावे.’ म्हणजे आधीचं सगळं बोलणं खाली जोडलेलं राहतं आणि समोरच्याला पुन्हा शोधावं लागत नाही.

उत्तर आलंच नाही तर? आठ दिवस थांबा. मग त्याच ईमेलला जोडून एक ओळीची आठवण पाठवा. आणखी दोन-तीन दिवसांनी फोन करा आणि म्हणा, “अमुक तारखेला दिवेआगरहून ईमेल केला आहे, विषय असा असा.” तरीही काही नाही, तर श्रीवर्धनला पंचायत समितीत जायचं असेल त्या दिवशी ईमेलची छापील प्रत घेऊन कार्यालयात जा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर नाही म्हणजे ‘हो’ असं मात्र कधीच धरू नका.

बैठकीत काय ठरलं

२० तारखेच्या बैठकीत उत्तर मोठ्याने वाचलं. पहिला निर्णय लगेच झाला: दुकानदाराला आगाऊ रक्कम द्यायची नाही. ३० हजार भरले असते तर ते अनुदानात धरले गेले नसते, आणि बँकेने कर्ज नाकारलं असतं तर परतही मागत बसावे लागले असते.

दुसरी गोष्ट अवघड होती. बीज भांडवलात सहाच जणी बसत होत्या. सहा जणींचे प्रत्येकी ४० हजार म्हणजे जास्तीत जास्त २ लाख ४० हजार. उरलेल्या चौघींचे चेहरे उतरले. शिवणकाम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, “बचत आम्ही दहाजणींनी केली, आणि आता सहाच जणींना?” बोलणं तासभर चाललं. कोणीतरी असंही सुचवलं की चौघींची नावं पापडवाल्या म्हणूनच घालूया, कोण बघायला येतंय. पण बघायला येतात. संघ प्रत्येक सदस्याचं उत्पादन, वर्षाची विक्री, कच्चा माल कुठून घेते, माल कुठे विकते हे लिहून घेतो. शिवणयंत्रावर बसलेली बाई पापड किती किलो विकते हे काय सांगणार? आणि एकीची माहिती खोटी निघाली की सहाजणींचा प्रस्तावही संशयात जातो.

शेवटी ठरलं ते असं. सहा जणींचा प्रस्ताव संघाकडे द्यायचा. त्या पैशांतून तांदूळ, पाकिटं, वजनकाटा आणि सीलिंग यंत्र घ्यायचं. सहा जणींना बाहेरून भांडवल मिळालं तर त्या वर्षी गटाच्या अंतर्गत कर्जात चौघींना आधी संधी द्यायची. हा ठराव त्याच दिवशी इतिवृत्तात लिहिला आणि दहाही जणींच्या सह्या घेतल्या. हेच भांडण प्रस्ताव गेल्यानंतर, चार नावं कापली गेल्यावर झालं असतं, तर गट टिकला असता की नाही कोण जाणे.

ड्रायर आणि पल्व्हरायझरचं ठरलं की एक वर्ष थांबायचं. या वर्षीच्या विक्रीची नोंद रोजच्या रोज वहीत ठेवायची. बँकेसमोर बसताना तीच वही कामी येते. २ लाख ७० हजारांच्या कर्जाचा हप्ता पिठाच्या विक्रीतून निघेल का, हे वहीवरूनच कळेल. पुढच्या वर्षी अर्ज करण्याआधी कृषी विभागाच्या जिल्हा संसाधन व्यक्तीला पुन्हा असाच ईमेल जाईल, कारण तोवर मुदत, निधी, नियम यातलं काहीही बदललेलं असू शकतं.

ईमेल आणि त्याचं उत्तर, दोन्हींची छापील प्रत सेवा केंद्रातून काढून इतिवृत्ताच्या वहीत चिकटवली आहे. प्रस्ताव मागे आला तर ‘तुम्हीच अमुक तारखेला असं कळवलं होतं’ हे दाखवता येईल. ते उत्तर म्हणजे मंजुरी नव्हे, हे लक्षात असू द्या. पण कोणत्या माहितीवर आपण अर्ज केला, याचा तो पुरावा आहे.

हीच रीत दुसऱ्या योजनेलाही चालते. कोंबडीपालन असो, मासे सुकवायचे ओटे असोत, प्रश्न तेवढे बदलतील. पुढच्या बैठकीत तुमच्या हातात एखादं माहितीपत्रक असेल, तर ते एकीने मोठ्याने वाचा आणि दुसरीने वहीत दोन रकाने पाडा. एकात ‘छापलेलं आहे’, दुसऱ्यात ‘छापलेलं नाही, आम्हाला कळायला हवं’. दुसऱ्या रकान्यात जे उरेल तोच तुमचा ईमेल. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत गटाच्या खात्यातून एक रुपयाही बाहेर काढू नका.